ओठ आधी, आवाज नंतर

हेडफोन तोच, लॅपटॉपही तोच. सिनेमा लावला तर नटाचे ओठ आणि त्याचे संवाद चोख जुळतात. व्हिडिओ कॉल लावला की मात्र समोरच्याचे ओठ मिटतात आणि त्यानंतर त्याचा शेवटचा शब्द आपल्या कानात पडतो. अशा वेळी बहुतेक जण नेटला दोष देतात, राउटर बंद करून पुन्हा चालू करतात, ॲप काढून परत टाकतात. फरक काही पडत नाही. कारण या उशिराचा मोठा हिस्सा बाहेर कुठे होतच नाही, तो लॅपटॉप आणि कान यांच्यातल्या हातभर अंतरात होतो.

हा उशीर कमी करता येतो, बऱ्याचदा एक पैसाही खर्च न करता. पण त्यासाठी आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. उशीर होतो कुठे, आणि सिनेमाला जो उपाय चालतो तो कॉलला का चालत नाही.

उशीर कुठे होतो?

वायरच्या हेडफोनमध्ये लॅपटॉप विजेचा संकेत सोडतो आणि तो जवळपास त्याच क्षणी कानाशी पोचतो. ब्लूटूथमध्ये तसे नसते. लॅपटॉप आधी आवाजाचे छोटे छोटे तुकडे करतो, कमी जागेत मावावेत म्हणून ते दाबतो आणि पुडकी बांधून रेडिओलहरींवर सोडतो. हेडफोन ती पुडकी झेलतो, उलगडतो, त्यांचा पुन्हा आवाज करतो आणि मग ऐकवतो. दाबण्या-उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी आणि एएसी ही त्यांतली नेहमी आढळणारी नावे.

पण सगळ्यात जास्त वेळ दाबण्या-उलगडण्यात जात नाही, तो जातो साठवणीत. हवेतून येणारी पुडकी एका लयीत येत नाहीत. एखादे हरवते आणि पुन्हा मागवावे लागते. म्हणून हेडफोन थोडा आवाज आधी साठवून ठेवतो आणि त्या साठ्यातून संथपणे ऐकवतो. गच्चीवरच्या टाकीचे काम असेच चालते. नळाला पाणी कधी येते, कधी जाते, पण टाकी भरलेली असली की खाली धार तुटत नाही. मात्र आज टाकीत पडलेले पाणी लगेच नळाला येत नाही, आधीचे पाणी संपल्यावर येते. हेडफोनच्या साठ्यातही आवाज असाच थांबून राहतो. या साठ्याला बफर म्हणतात. साठा मोठा असेल तर आवाज तुटत नाही, पण उशीर वाढतो. लहान असेल तर उशीर घटतो, पण मधेच कुणी भिंतीआड गेले की आवाज तुटायला लागतो. हेडफोन बनवणाऱ्याला या दोहोंमध्ये कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि गाणी ऐकण्यासाठी बनवलेल्या हेडफोनमध्ये ती साहजिकच मोठ्या साठ्याच्या बाजूला असते. गाणे पाव सेकंद उशिरा सुरू झाले तर कोणाचे काय बिघडते?

या सगळ्यात मिळून साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. १००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद, तेव्हा हा उशीर एक दशांश ते जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाचा झाला.

एवढासा उशीर कळतो का? कळतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची दूरचित्रवाणीसाठीची १९९८ सालची एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या मागे पडला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपासून लोकांच्या लक्षात येऊ लागते आणि १८५ च्या पुढे ते खटकते. आवाज चित्राच्या आधी आला तर मात्र ४५ मिलिसेकंदांनाच कळते आणि ९० च्या पुढे सहन होत नाही. यात नवल नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फलंदाजाने चेंडू टोलवला की बॅट फिरलेली आधी दिसते आणि आवाज मागून येतो, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. आवाज उशिरा येण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. तो आधी येणे निसर्गात कधी घडतच नाही. १२५ आणि १८५ हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

सिनेमा जुळतो, कॉल का जुळत नाही?

सिनेमाची संपूर्ण फाइल प्लेअरच्या हाताशी असते. हेडफोनला २०० मिलिसेकंद लागतात हे कळले की प्लेअर चित्रही तेवढेच उशिरा दाखवतो. सगळा सिनेमा पाव सेकंद मागे चालतो आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. हेडफोनने आपला उशीर फोनला किंवा लॅपटॉपला कळवावा, अशी सोय ब्लूटूथच्या नियमांतच आहे. सगळे हेडफोन ती पाळत नाहीत, आणि पाळली तरी लॅपटॉपमधले प्रत्येक ॲप ती माहिती विचारून घेतेच असे नाही.

व्हिडिओ कॉलमध्ये आवाज आणि चित्र हे दोन वेगळे प्रवाह असतात. ते नेटवरून स्वतंत्रपणे येतात. दोघांवर वेळेचे शिक्के असतात, आणि ते पाहून तुमच्याकडचे ॲप दोन्ही जुळवते. म्हणजे नेटमुळे आवाज आणि चित्र यांच्यात पडलेली फूट ॲप बऱ्यापैकी भरून काढते. पण ही जुळणी होते लॅपटॉपच्या आत. आवाज ॲपच्या हातून सुटला आणि हेडफोनच्या साठ्यात गेला की पुढचे ॲपला दिसत नाही. लॅपटॉपने हेडफोनचा उशीर नीट सांगितला तरच ॲप चित्र थोपवून धरू शकते. तो चुकीचा सांगितला गेला, किंवा सांगितलाच गेला नाही, तर चित्र वेळेवर दिसते आणि आवाज मागून येतो.

शिवाय समजा ॲपने चित्र थोपवले, तरी फुकटात काही मिळत नाही. ओठ जुळतात, पण समोरच्याचे बोलणे तुमच्यापर्यंत तेवढेच उशिरा पोचते. तुम्ही उत्तर देईपर्यंत त्याला वाटते की तुम्ही गप्प आहात, आणि तो पुन्हा बोलायला लागतो. सिनेमातला नट तुमच्या उत्तरासाठी थांबलेला नसतो, कॉलवरचा माणूस थांबलेला असतो. म्हणून कॉलमध्ये चित्र मागे ओढण्यापेक्षा आवाजाचा उशीर मुळातच कमी करणे हा खरा उपाय.

आधी दोषी कोण ते ठरवा

सेटिंगला हात लावण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, आवाज ओठांच्या मागे आहे की पुढे? ऐकण्याच्या बाजूला ब्लूटूथ हेडफोनमुळे आवाज नेहमी मागेच पडतो. आवाज आधी आणि ओठ नंतर हलत असतील तर हेडफोन निर्दोष आहे, उशीर चित्राला होतोय. समोरच्याने मागची खोली धूसर करणारी किंवा खोटी पार्श्वभूमी लावणारी सोय चालू ठेवली असेल, त्याचा लॅपटॉप जुना असेल किंवा खोलीत उजेड कमी असेल तर असे होते. अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. त्याला धूसर पार्श्वभूमी बंद करून दिवा लावायला सांगा.

दुसरा, सगळ्यांचेच ओठ चुकतात की एकाचेच? कॉलवर चौघे असतील आणि चौघांचेही आवाज मागून येत असतील तर उशीर तुमच्या हेडफोनमध्ये आहे. एकाचाच मागे पडत असेल तर दोष त्याच्याकडे, आणि तो बहुधा ब्लूटूथ माइकवर बोलत असतो. माइकमधला आवाज हवेतून त्याच्या लॅपटॉपपर्यंत पोचायलाही वेळ लागतो, आणि वेळेचा शिक्का बसतो तो लॅपटॉपमध्ये पोचल्यावर. म्हणजे उशीर शिक्क्याच्या आधीच झालेला असतो, तो तुमच्याकडच्या ॲपला कळण्याचा मार्गच नाही. त्याने माइक बदलला तरच सुटका.

तिसरा, उशीर कॉलभर सारखाच राहतो की वाढत जातो? सारखा राहणारा उशीर हेडफोनच्या घडणीतला असतो. सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने बिघडलेला असेल तर कुठेतरी साठा फुगत चालला आहे किंवा लॅपटॉपला काम झेपत नाही. अशा वेळी हेडफोन तोडून पुन्हा जोडला की साठा नव्याने भरतो आणि उशीर मूळ जागी येतो. तेवढ्याने काम झाले तर बाकी उठाठेव करू नका. ब्राउझरच्या टॅब बंद करा आणि मोकळे व्हा.

‘पा’ म्हणा

सिनेमाच्या सेटवर दृश्य सुरू होताना क्लॅपरची फळी आपटतात, ती आवाज आणि चित्र जुळवण्यासाठीच. कॉलवर मात्र टाळी वाजवून हा प्रयोग फसतो. झूम, मीट यांसारखी ॲप पार्श्वभूमीचा गोंगाट गाळतात, आणि टाळीला ती गोंगाटच समजतात. टाळी अर्धवट येते किंवा येतच नाही.

त्याऐवजी समोरच्याला कॅमेऱ्याजवळ येऊन सावकाश, सुटेसुटे ‘पा, पा, पा’ म्हणायला सांगा. ‘प’ उच्चारताना ओठ पूर्ण मिटलेले असतात आणि तोवर आवाज शून्य असतो. ओठ उघडले की त्याच क्षणी आवाज फुटतो. ‘म’ चालत नाही, कारण त्याचा आवाज ओठ मिटलेले असतानाच नाकातून सुरू होतो. आणि बोलणारा माणूस लॅपटॉपच्याच माइकवर किंवा वायरवर असू द्या, नाहीतर त्याचा उशीर तुमच्या खात्यात जमा होईल.

आता दुसरा मोबाइल घ्या. हेडफोनची एक वाटी त्याच्या माइकला टेकवा, कॅमेरा लॅपटॉपच्या पडद्यावरच्या ओठांकडे धरा आणि सेकंदाला ६० चित्रे घेणाऱ्या सेटिंगवर रेकॉर्ड करा. मग आवाजाची लाट दाखवणाऱ्या कोणत्याही मोफत व्हिडिओ एडिटिंग ॲपमध्ये ते उघडा. ओठ उघडलेले पहिले चित्र शोधा, आणि तिथून लाटेचा उंचवटा किती चित्रे पुढे आहे ते मोजा. ६० च्या रेकॉर्डिंगमध्ये एक चित्र म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद. कॉलचे चित्र स्वतः सेकंदाला ३० किंवा त्याहून कमी वेळा बदलते, म्हणून एका मोजणीत एक-दोन चित्रांची चूक होणारच. चार-पाच ‘पा’ मोजून सरासरी काढा.

हेच रेकॉर्डिंग एकदा हेडफोनवर आणि एकदा लॅपटॉपच्या स्पीकरवर करा. स्पीकरवर येणारा फरक हा कॉलचा, पडद्याचा, समोरच्या कॅमेऱ्याचा. हेडफोनच्या आकड्यातून तो वजा केला की उरतो तो हेडफोनचा खरा वाटा.

साताऱ्यातला लॅपटॉप

माझे एक काका साताऱ्याला असतात. ऐकू जरा कमी येते, त्यामुळे ते निम्मे कानांनी आणि निम्मे ओठ पाहून समजून घेतात. मुलगी बंगळुरूला. लॅपटॉप विंडोज १० चा, हेडफोन कानांवर बसणारा साधा ब्लूटूथचा. आवाज मागून यायला लागला की काका चिडायचे, “अगं, तू नीट बोल. तोंड आधी हलतं आणि शब्द मागून येतात, मी बघू कुठे आणि ऐकू काय?” ती हळू बोलायची, मोठ्याने बोलायची. त्याने काय होणार?

मोजणी केली. स्पीकरवर फरक ३ चित्रांचा आला, म्हणजे ५० मिलिसेकंद. हेडफोनवर १५ चित्रांचा, म्हणजे २५०. हेडफोनचा वाटा २०० मिलिसेकंद. एकूण आकडा १८५ च्या बराच पुढे, तेव्हा काकांचे चिडणे रास्त होते.

कारण सेटिंगमध्ये सापडले. ब्लूटूथ हेडफोनला दोन रूपे असतात. एक संगीताचे. यात आवाज एकाच दिशेने जातो, दोन्ही कानांना वेगळा आणि भरदार, पण साठा मोठा. दुसरे बोलण्याचे, म्हणजे हँड्स-फ्री. यात आवाज दोन्ही दिशांनी जातो, एकसुरी आणि पातळ असतो, पण ठराविक वेळेला ठराविक पुडके पोचलेच पाहिजे अशा बोलीवर चालतो. हरवलेले पुडके पुन्हा मागवायला यात फारसा वेळ दिलेला नसतो, म्हणून साठाही लहान. मोबाइलवर व्हॉट्सॲपचा कॉल आला की फोन बहुतेक वेळा आपोआप बोलण्याच्या रूपात जातो. फोनवर हा त्रास कमी आणि लॅपटॉपवर जास्त जाणवतो त्याचे एक मोठे कारण हेच.

विंडोज १० मध्ये ही दोन रूपे दोन वेगळी उपकरणे म्हणून दिसतात. एकाच्या नावात `Stereo` असते, दुसऱ्याच्या नावात `Hands-Free AG Audio`. काकांच्या मुलाने त्यांना मागे कधीतरी सल्ला दिला होता की हेडफोनच्या माइकवर आवाज घोगरा जातो, तेव्हा माइक लॅपटॉपचा ठेवा आणि हेडफोन फक्त ऐकायला वापरा. सल्ला चांगलाच होता, पलीकडे त्यांचा आवाज सुधारला. पण हेडफोनचा माइक सुटल्यामुळे ऐकण्यासाठी `Stereo` निवडले गेले, आणि मोठा साठा पदरात आला. आवाज सुधारण्याचा हा सल्ला सगळीकडे दिला जातो. त्याने ओठांची जुळणी बिघडू शकते हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

उपाय झाला तो असा. कॉलच्या ॲपमध्ये सेटिंग उघडून `Audio` मध्ये गेलो. तिथे स्पीकर आणि माइक यांच्या दोन वेगळ्या याद्या असतात. स्पीकरच्या यादीत `Hands-Free AG Audio` असलेले नाव निवडले, माइक लॅपटॉपचाच ठेवला. पुन्हा ‘पा, पा, पा’. आता फरक ८ चित्रांचा, म्हणजे सुमारे १३३ मिलिसेकंद. त्यातला हेडफोनचा वाटा ८० च्या आसपास. एकूण आकडा १२५ च्या किंचित वर आणि १८५ च्या बराच आत. बारकाईने पाहणाऱ्याला कळेल, पण बोलणे समजायला अडचण येणार नाही. “आवाज जरा टेलिफोनसारखा झालाय,” काका म्हणाले. तसा तो होणारच होता. हँड्स-फ्रीच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, नव्या पद्धतीत १६,०००. संगीताच्या सीडीत ते ४४,१०० असतात. बोलणे समजायला १६,००० पुरतात, भजन ऐकायला नाहीत. म्हणून भजनाच्या वेळी `Stereo` वर परत जायचे, एवढे काकांना लिहून दिले.

विंडोज ११ मध्ये ही दोन नावे एकत्र करून हेडफोनचे एकच नाव दाखवले जाते. तिथे हेडफोनचा माइक निवडला की विंडोज स्वतःच बोलण्याच्या रूपात जाते. मॅकवरही ध्वनीच्या सेटिंगमध्ये `Input` म्हणून हेडफोन निवडला की तसेच होते. म्हणजे या दोन्हींवर उशीर कमी हवा असेल तर माइकही हेडफोनचाच घ्यावा लागतो. पलीकडे तुमचा आवाज थोडा पातळ जाईल आणि काही मिलिसेकंद मागेही पडेल, पण तुमच्या कॅमेऱ्यालाही चित्र पाठवायला वेळ लागतोच, त्यामुळे दोन्ही बऱ्यापैकी एकमेकांना सांभाळून घेतात.

हवेतली गर्दी

सेटिंग बरोबर असूनही आवाज मधूनमधून तुटत असेल आणि उशीर कमी-जास्त होत असेल तर हवेकडे पाहा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, आणि राउटरचा जुना वाय-फाय पट्टाही तोच. गर्दी टाळण्यासाठी ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलते आणि वाय-फायने अडवलेल्या जागा चुकवते. तरी लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच चिपवर आणि एकाच अँटेनाच्या जोडीवर असतात. कॉलचे जड चित्र २.४ च्या वाय-फायवरून येत असेल तर दोघांना आलटून पालटून थांबावे लागते. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचे नाव वेगळे दिसत असेल तर लॅपटॉप त्याला जोडा. एवढ्यानेही आवाज तुटणे बरेचदा थांबते.

दुसरा छुपा त्रास यूएसबी ३ चा. या जातीच्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या वायरींमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सांडतो. इंटेलने २०१२ सालीच त्यावर टिपण काढले होते. ब्लूटूथसाठी छोटा यूएसबी डोंगल वापरत असाल आणि शेजारच्या खाचेत अशी डिस्क लावलेली असेल तर डोंगल हातभर लांबीच्या एक्स्टेन्शन वायरवर दूर न्या. तिसरी गोष्ट, एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोघांना जोडलेला हेडफोन. कॉलपुरता फोनशी असलेला संबंध तोडा. दोन धनी सांभाळताना हेडफोनला वेळ वाटून द्यावा लागतो.

खोक्यावरचे आकडे

नवा हेडफोन घ्यायचा असेल तर खोक्यावर ‘गेमिंग मोड’ किंवा ‘लो लेटन्सी’ आणि ४० किंवा ५० मिलिसेकंद असे आकडे दिसतील. या मोडमध्ये साठा लहान करतात, त्यामुळे उशीर खरोखर कमी होतो आणि पल्लाही घटतो. काही हेडफोनांतले असे आकडे एखाद्या खास कोडेकच्या भरवशावर दिलेले असतात. तो कोडेक हेडफोन आणि लॅपटॉप दोघांनाही येत असेल तरच चालतो, नाहीतर दोघे निमूटपणे साध्या एसबीसीवर येतात, आणि पडद्यावर त्याचा मागमूसही दिसत नाही. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका, ‘पा’चा प्रयोग करून पाहा.

ब्लूटूथची नवी पद्धत एलई ऑडिओ २०२० च्या जानेवारीत जाहीर झाली. तिच्यात एलसी३ हा नवा कोडेक आहे, उशीर कमी आहे, आणि चांगला आवाज की माइक या पेचातून सुटण्याची सोय आहे. पण इथेही दोन्ही टोके तयार असावी लागतात. विंडोज ११ च्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये `Use LE Audio when available` असा पर्याय दिसत असेल तर तुमचा लॅपटॉप तयार आहे. दिसत नसेल तर केवळ नवा हेडफोन घेऊन या पद्धतीचा फायदा मिळणार नाही.

आणि ज्याला हे सगळे नको आहे त्याच्यासाठी वायर आहेच. कानांवर बसणाऱ्या कितीतरी ब्लूटूथ हेडफोनांना ३.५ मिलिमीटरची खाच असते. खोक्यातली वायर लावली की ऐकण्यातला ब्लूटूथचा उशीर संपला. बहुतेक हेडफोनांत वायरवर माइक चालत नाही, तेव्हा माइक लॅपटॉपचा घ्या. यात काही बिघडत नाही, कारण वायरीत दोन रूपांचा प्रश्नच नसतो. गाणे शिकवणाऱ्यांनी, भाषेचे उच्चार शिकवणाऱ्यांनी आणि ओठ पाहून ऐकणाऱ्यांनी तर थेट वायरच वापरावी.

वायर जे करू शकत नाही

ओठ जुळले तरी एक तक्रार उरते. दोघे एकदम बोलायला लागतात, दोघे एकदम थांबतात. हा उशीर ओठांचा नाही, संभाषणाचा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत मोजले तरी साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे एका बाजूने किमान ६० मिलिसेकंद गेलेच. केबल सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत राउटर लागतात, दोन्ही घरांतले वाय-फाय आणि ॲपचे साठे आपापला वाटा घेतात. टेलिफोनच्या संभाषणासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी त्याच दूरसंचार संघाची शिफारस आहे. अमेरिकेतल्या मुलाशी बोलताना ही मर्यादा नेटच जवळपास संपवते, आणि त्यात ब्लूटूथचे २०० मिळवले की बोलणे अडखळणारच.

म्हणजे ब्लूटूथचा उशीर कमी करून ओठ जुळतात ते जुळतातच, वर परदेशच्या कॉलवर बोलण्यालाही थोडी जागा मिळते. बाकीचा उशीर अंतराचा आहे. त्यावर सेटिंग नाही, वाक्य संपवून क्षणभर थांबण्याची सवय तेवढी आहे.